घड्याळ कधी लावलं

माझी मुलगी परदेशी शिकायला जाण्यासाठी जीआरईची तयारी करत होती तेव्हा घरच्या सराव परीक्षांना घड्याळ लावायचं काम माझ्याकडे होतं. तेवढंच होतं. बाकी सगळं ती स्वतः करत होती. आणि ते एक काम मी सरळ केलं नाही. हे मी आजवर घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही. स्टाफरूममध्ये लोक विचारतात, "सर, पोरीला कशी तयारी करून घेतलीत?" मी म्हणतो, "तिची तिनेच केली." तो त्यांना नम्रपणा वाटतो.

मी भांडुपच्या एका मराठी शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवतो. घर मुलुंड पूर्वेला. बायको जवळच्याच एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. मुलगी सिव्हिल इंजिनियर, मरोळला एका ऑफिसात पाण्याच्या पाइपलाइनचे नकाशे काढायची. त्यातच तिला पुढे शिकायचं होतं. तिने निवडलेल्या विद्यापीठांपैकी निम्मी तरी जीआरईचा स्कोअर मागत होती आणि त्यांचे अर्ज डिसेंबरात बंद होत होते. म्हणून श्रावणात सुरुवात करून दिवाळीनंतर परीक्षा, असा बारा आठवड्यांचा बेत तिने आखला आणि तक्ता फ्रिजवर चिकटवला. पहिले चार आठवडे शब्द आणि गणिताचा पाया. मधले चार, प्रश्नांचे प्रकार ओळखून वेळेत सोडवायचे. शेवटचे चार, पूर्ण परीक्षा आणि चुकांची उजळणी.

शब्दांनी घर भरलं. मोबाइलवर ती शब्दांचे गठ्ठे फिरवायची आणि आठवडाभर तेच शब्द बोलण्यात वापरायची, म्हणजे डोक्यात राहतात म्हणे. तिच्या आईलाही नाद लागला. "आपला भाजीवाला ऑब्ड्युरेट आहे," ती पिशवी ओट्यावर ठेवत म्हणायची, "हटून बसतो, कोथिंबिरीच्या दोन काड्या जास्त टाकेल तर शपथ." मुलगी म्हणायची, "आई, झकास! वाक्यात उपयोग दहापैकी दहा." मला त्यांनी टॅसिटर्न हा शब्द दिला होता. अर्थ विचारला तर मुलगी म्हणाली, "बोलायची वेळ आली की पेपर उघडणारा माणूस." मी पेपर उघडलेलाच होता.

गणिताबद्दल मात्र माझी छाती फुगलेली होती. दहावीपर्यंतचंच गणित आहे, असं ती म्हणाली तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली. त्यात एक प्रकार असतो. दोन रकाने देतात, कुठला मोठा ते सांगायचं. पर्याय चार: पहिला मोठा, दुसरा मोठा, दोन्ही सारखे, आणि दिलेल्या माहितीवरून ठरवता येत नाही. एका बाजूला क्ष, दुसऱ्या बाजूला क्षचा वर्ग, आणि क्ष शून्यापेक्षा मोठा एवढंच दिलेलं.

"वर्ग मोठा," मी म्हणालो. "यात काय विचारायचं?"

"बाबा, अर्धा घेऊन बघा."

मी अर्धा घेतला. मग एक घेतला. मग खुर्ची जागेवर नेली.

"चौथा पर्याय," ती म्हणाली. "वाट लागली ना सर?"

तीस वर्षं मी पोरांना 'उत्तर काढा' म्हणत आलो. उत्तर निघत नाही हेही एक उत्तर असतं आणि त्यालाही मार्क असतात, हे माझ्या पचनी पडायला थोडा वेळ लागला.

निबंधातही माझं काही चाललं नाही. अर्ध्या तासात एका विधानावर आपलं मत लॅपटॉपवर टाइप करायचं. शहरं वाढली की लोकांचं आयुष्य सुधारतं, यावर तिने लिहिलेलं मी वाचलं आणि शेरा दिला की सुरुवातीला एखादा सुविचार हवा होता, आणि शेवट जरा उदात्त करायचा.

"बाबा, इथे सुविचार चालत नाही. बाजू घ्यायची, कारणं द्यायची, खरीखुरी उदाहरणं द्यायची, उलट बाजूचा माणूस काय म्हणेल त्यालाही उत्तर द्यायचं."

"आणि तुला स्वतःला काय वाटतं?"

"ते कुठे कोण विचारतंय? मांडणी बघतात." मग थोड्या वेळाने ती म्हणाली, "पण भांडुपची पाइपलाइन घातलीय मी उदाहरणाला. ती खरी आहे."

तर राहिलं घड्याळ.

मधल्या चार आठवड्यांत ती दर रविवारी सकाळी पुस्तकातला एकेक विभाग सोडवायची. गणिताचा पहिला विभाग बारा प्रश्नांचा, एकवीस मिनिटांचा. इंग्रजीचा बारा प्रश्नांचा, अठरा मिनिटांचा. कॉम्प्युटरवरच्या अधिकृत सराव परीक्षा तिने शेवटच्या आठवड्यांसाठी राखून ठेवल्या होत्या. त्या मोजक्याच फुकट मिळतात, आधी वापरल्या तर वाया जातात. म्हणून हे कागदावर. मी शाळेजवळ झेरॉक्स काढून आणायचो, जेवणाच्या टेबलावर तिच्यासमोर कागद पालथा ठेवायचो, मग म्हणायचो, "घे. नीट वाचून घे." आणि मोबाइल माझ्याकडे तोंड करून धरायचो.

बोर्डाच्या परीक्षेला सुपरव्हिजन केलेल्या माणसाला हे सांगावं लागणार नाही. आमच्याकडे बरीच वर्षं प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी वाटायची पद्धत होती. पोरांनी ती वाचायची, मग घंटा, मग पेन उचलायचं. पुढे बोर्डाने ती मिनिटं उचलून शेवटी टाकली. वर्गात मी नवा नियम पाळतो. घरी माझ्या हाताला जुनाच माहीत होता. मुलगी कागद उलटायची, प्रश्नांवरून नजर फिरवायची, आणि तिने पेन्सिल टेकवली की माझा अंगठा स्टॉपवॉचवर पडायचा. हे मी ठरवून करत नव्हतो. खरंच नव्हतो. तिला वाटायचं, कागद उलटला तेव्हाच वेळ सुरू झाला. मला वाटायचं, अर्थात पेन्सिल टेकली तेव्हा. दोघांनी एकमेकांना विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं त्यात काही आहे असं कुणालाच वाटलं नाही.

मार्क बरे येऊ लागले. बारापैकी दहा. मग अकरा. तिची आई रविवारी दुपारी कोलंबीचं सुकं करायची आणि म्हणायची, "गो बाय, असंच राहू दे."

मला कळलं ते पाण्याच्या मोटरमुळे. आमच्या सोसायटीचा वॉचमन रविवारी सकाळी टाकी भरायला मोटर लावतो आणि अर्ध्या तासाने बंद करतो. पंपाची खोली आमच्या खिडकीखालीच आहे, त्यामुळे तिची घरघर चालू झाली नि थांबली की घरात आपोआप कळतं. एका रविवारी मी कागद समोर ठेवला आणि त्याच क्षणी मोटर सुरू झाली. माझ्या मोबाइलने एकवीस मिनिटं झाली म्हणून आवाज केला, मी "पेन्सिल खाली" म्हणालो, आणि पाठोपाठ मोटर बंद झाली.

मी बसल्या जागी वजाबाकी केली. तिसातून एकवीस, नऊ. गणित शिकवतो.

"वेळेत?" मुलीने विचारलं.

"वेळेत," मी म्हणालो.

इथपर्यंत चूक होती. पुढचं चूक नाही. पुढच्या रविवारी मला ठाऊक होतं, तरी मी तिच्या पेन्सिलीची वाट बघितली. त्याच्या पुढच्याही रविवारी. आता तर मी बघत होतो की ती नुसती वाचत नाहीये, वाचता वाचता अर्धे प्रश्न मनातच सोडवतेय. समासात एक आकडा नाही, पण डोळे थांबत होते, बोटं हलत होती. मी मोबाइल हातात धरून बसलो होतो आणि स्क्रीनवर सगळी शून्यं होती.

का, ते मी स्वतःला नाना तऱ्हांनी सांगितलं. घरात उत्साह आहे, कशाला मोडा. आत्मविश्वास वाढेल, मग वेग आपोआप येईल. पुढच्या आठवड्यापासून हळूहळू मिनिटं कमी करीन. प्रेमाने केलं की दुसऱ्या कशाने, या प्रश्नाला मी तो चौथा पर्याय लावून ठेवला होता. ठरवता येत नाही. बरा पर्याय आहे तो, त्यामागे बराच काळ बसता येतं.

दिवाळीच्या सुट्टीत तिने पहिली अधिकृत सराव परीक्षा दिली. आतल्या खोलीत, लॅपटॉपवर, दार लावून. त्या परीक्षेत घड्याळ स्क्रीनवरच असतं आणि प्रश्न दिसला की चालू होतं. तिथे वाट बघणारा बाप नसतो. आम्ही बाहेर चिवड्याचे पोहे भाजत होतो. मी ढवळत होतो, बायको शेंगदाणे बघत होती. दोन तासांनी मुलगी बाहेर आली आणि मोरीत जाऊन तिने तोंडावर पाणी मारलं.

"काय गं?"

"वेळच पुरला नाही. गणिताच्या पहिल्या विभागात चार प्रश्न बघायलाच मिळाले नाहीत, अंदाजाने टिक केले. पहिला बिघडला की दुसरा सोपा येतो, आणि सोप्यात कितीही चांगलं केलं तरी स्कोअर वर जात नाही. एकशे सत्तरपैकी एकशे सत्तावन्न." तिला कमीत कमी एकशे साठ तरी हवे होते, आणि माझ्या रविवारांच्या हिशेबाने ती एकशे सदुसष्टला पोचली होती.

"पहिलीच आहे," बायको म्हणाली.

"आई, घरी कागदावर येतं मला. स्क्रीन आली की डोकं बंद पडतं. म्हणजे मी परीक्षेत घाबरणारी आहे. तसं असेल तर दोन आठवड्यांत काय होणार?" तिने टॉवेल खांद्यावर टाकला. "यंदा राहू दे. तारीख पुढे ढकलते. पुढच्या वर्षी बघू."

आणि मला बरं वाटलं.

हे लिहायलाच मी बसलो आहे. दुःख झालं, अपराधी वाटलं, ते सगळं नंतर. आधी, पोहे ढवळता ढवळता, छातीत काहीतरी सैल झालं. अजून एक वर्ष ती मरोळला जाईल, संध्याकाळी येऊन चपला दारात आडव्या टाकील, आईला शब्द शिकवील. चौथा पर्याय तिथे गळून पडला. ठरवता येत होतं. मला बऱ्याच आधीपासून ठरवता येत होतं.

मुलगी आत गेली. बायकोने गॅस बारीक केला. ती मालवणची. चिडली की माहेरच्या बोलीत जाते, पण त्या दिवशी ती चिडलेली नव्हती, हळू आवाजात म्हणाली, "तुमका तिका धाडूचीच नाय हा."

"असं काही नाही."

"मग तोंडावर काय पसरलं होतं आत्ता? मी बघितलंय." आणि पोह्यांकडे बघून, "करपतायत."

मी झारा खाली ठेवला आणि आतल्या खोलीत गेलो. मुलगी पलंगावर मांडी घालून बसली होती, लॅपटॉपवर तारीख बदलायचं पान उघडं. मी दारातच उभा राहिलो. बसलो असतो तर बोललो नसतो.

"तू घाबरणारी नाहीयेस," मी म्हणालो. "मी घड्याळ उशिरा लावत होतो."

तिने वर बघितलं.

"म्हणजे?"

"तू वाचायला लागलीस तेव्हा नाही. पेन्सिल टेकवलीस तेव्हा."

"प्रत्येक वेळी?"

"हो."

"किती मिनिटं?"

"पाच. सात. एकदा नऊ."

तिने हिशेब केला. मी तिच्या चेहऱ्यावर तो होताना बघितला. "एकवीसात सात," ती म्हणाली. "बाबा, तिसरा भाग! तिसरा भाग फुकट देत होतात मला?"

"आधी सवयीने. बोर्डाचं ते दहा मिनिटांचं..."

"आणि नंतर?"

बाहेर बायकोने झारा आपटला.

"नंतर, बाबा?"

"नंतर ठाऊक असून."

मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. शेवटी तिने विचारलं, "तुम्हाला मी जायला नकोय?"

आयुष्यभर अशा प्रश्नांना मी "तसं नाही गं" असं उत्तर देत आलो. त्या दिवशी म्हणालो, "नको वाटतं."

"मग तसं सांगायचं ना. मी ऐकलं असतं, भांडले असते, काहीतरी केलं असतं. घड्याळाला कशाला मध्ये घ्यायचं?" तिने लॅपटॉप बाजूला सरकवला. "मी गेले सगळे रविवार खोटे मोजले, बाबा. आणि आज मला वाटलं माझ्यातच काहीतरी कमी आहे. ते कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"काय कळतंय?"

"की मी ते आजही सांगितलं नसतं. तू तारीख बदलली असतीस तरी." हे मी बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. दारातून मागे बघितलं तर बायको पदराला हात पुसत उभी होती.

"चला, खरं बोलले," ती म्हणाली. "एवढ्या वर्षांत एकदा."

मुलगी हसली नाही. पण तिने ते पान बंद केलं.

त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मीठ द्या, दार लावून घ्या. राग शब्दांवरही निघत होता की काय कोण जाणे, आईशीही त्या दोन दिवसांत एकही अवघड शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलावर तिने स्वतःचा मोबाइल उभा करून ठेवला, आकडे तिच्याकडे तोंड करून, आणि मला समोरची खुर्ची दाखवली.

"तुम्ही फक्त बसा. हात टेबलावर ठेवा."

"मी काय करू?"

"काही नाही. मला माणूस समोर असताना सोडवायची सवय लागलीय, ती तुम्हीच लावलीत. बसा."

मी हात टेबलावर ठेवून बसलो. तिने कागद उलटला आणि त्याच क्षणी आकडे पळायला लागले. पहिल्या दिवशी तीन प्रश्न राहिले. मग तिने पद्धत बदलली. आधी सरळ येणारे सोडवायचे, अडला की खूण करून पुढे, शेवटी परत यायचं. त्या परीक्षेत एका विभागात मागेपुढे जाता येतं आणि चुकीला मार्क कापत नाहीत, तेव्हा रिकामं काहीच सोडायचं नाही. भली मोठी आकडेमोड दिसली की आधी पर्याय बघायचे. मला हे सगळं बघवत नव्हतं. आमच्याकडे पायऱ्या दाखवल्याशिवाय मार्क नसतात. एकदा मी न राहवून म्हणालो, "अगं पण सिद्ध कुठे केलंस?" ती मान वर न करता म्हणाली, "टॅसिटर्न, टॅसिटर्न." ते ऐकून मला किती बरं वाटलं हे मी लिहीत नाही.

दुसरी अधिकृत सराव परीक्षा तिने परीक्षेच्या आदल्या रविवारी दिली. एकशे एकसष्ट. हव्या त्यापेक्षा एकच वर. तिने तो आकडा फ्रिजवरच्या तक्त्यात स्वतः लिहिला. खाली मी लिहिलेल्या रविवारांच्या मार्कांवर तिने आधीच एक तिरकी रेघ मारली होती.

परीक्षेचं केंद्र अंधेरी पूर्वेला होतं, मरोळपासून जवळच, तिच्या रोजच्या रस्त्यावर. मी येऊ का असं विचारणार नव्हतो. आदल्या संध्याकाळी तीच म्हणाली, "पासपोर्ट पाउचमध्ये ठेवलाय. नाश्त्याला काहीतरी हलकं. रिक्षाने जाऊ." जाऊ म्हणाली, जाईन नाही.

इमारतीखाली आम्ही वेळेच्या बऱ्याच आधी पोचलो. आत पासपोर्टशिवाय काहीही नेता येत नाही. पाकीट, मोबाइल, अंगावरचं घड्याळ, सगळं लॉकरमध्ये, आणि वर सोबतच्या माणसाला थांबू देत नाहीत. तिने मोबाइल बंद करून मला दिला. मग मनगटावरचं घड्याळ काढलं, जरा वेळ हातात धरलं, आणि तेही माझ्या तळहातावर ठेवलं.

"लॉकर आहे ना?" मी म्हणालो.

"आहे." मग जिन्याकडे वळताना, "चालू राहू दे ते."

समोर एक उडप्याचं हॉटेल होतं. तिथे मी बसलो. चहा, मग इडली, मग पुन्हा चहा. आत आता निबंध चालू असेल, तो नेहमी पहिला असतो. मग विभाग कुठल्याही क्रमाने. टेबलावर तिचं घड्याळ ठेवलं होतं आणि त्याच्याकडे मी बघत होतो. ते बघताना पहिल्यांदाच लक्षात आलं की पट्टा नवीन आहे. कधी बदलला? ती आमच्यातून थोडी थोडी आधीच निघालेली असणार आणि मी त्यातलंही काही बघितलेलं नसणार. वेटरने विचारलं, "और कुछ, अंकल?" मी नाही म्हणालो आणि जागा अडवल्याबद्दल एक कॉफी मागवली.

ती बाहेर आली तेव्हा मी रस्त्याच्या या बाजूला होतो, ती त्या बाजूला. गाड्या थांबेपर्यंत चेहरा वाचता येईना. गणित आणि इंग्रजीचे आकडे शेवटी स्क्रीनवर लगेच दिसतात, निबंधाचे नंतर येतात, हे मला माहीत होतं. म्हणजे तिला तिचे आकडे माहीत होते आणि मला नव्हते.

रस्ता ओलांडून ती आली. "गणित एकशे त्रेसष्ट. इंग्रजी एकशे चोपन्न."

"पुरेल?"

"पुरेल. फार नाही, पण अर्ज जातील सगळे. शेवटच्या विभागात एक प्रश्न राहत होता, शेवटच्या मिनिटात टिक केला." ती दमलेली होती, केस कपाळाला चिकटलेले. "आई काय म्हणाली?"

"फोन केला नाही. तूच कर."

मी मोबाइल दिला. मग घड्याळ दिलं. तिने मोबाइल चालू केला, पण आईला लगेच फोन लावला नाही. घड्याळ मोबाइलशेजारी धरलं आणि दोन्हींकडे आळीपाळीने बघितलं. मी उभा होतो. मला ते टोचलं, आणि टोचायलाच हवं होतं.

"बरोबर आहे," ती म्हणाली आणि पट्टा बांधला.